अक्षरांच्या पुढे आलेलं डोकं

सप्टेंबर 2022मध्ये आयओएस 16 आलं आणि फोनच्या लॉक स्क्रीनवरचं घड्याळ फोटोतल्या माणसाच्या डोक्यामागे आपोआप सरकू लागलं. आता अंकाच्या मुखपृष्ठावरचं नावही तसंच आपोआप मागे ढकललं जातं, फक्त ते वाचता येतं का, हे पाहिलं जात नाही. खुद्द त्या फोनची प्रणाली डोक्यानं घड्याळ फार झाकलं तर हा परिणाम बंद करते. आपल्या अंकांच्या मुखपृष्ठांवर तेवढीही काळजी दिसत नाही.

लाल फिल्म ब्लेडनं कापून मास्क करण्याचा काळ मागे टाकू. 1994मध्ये फोटोशॉप 3.0नं लेयर आणि त्यांचे मास्क आणले आणि कृती सोपी झाली: खाली फोटो, त्यावर नाव, सर्वांत वर त्याच फोटोची प्रत आणि तिला मास्क. मास्कमधला काळा भाग प्रत लपवतो, पांढरा दाखवतो. पण खरं काम 2000नंतरच्या दशकात केसांवर झालं. फिकट भिंतीपुढे काळे केस असले, की निळ्या चॅनेलची प्रत घ्यायची, लेव्हल्सनं केस काळेकुट्ट आणि भिंत पांढरीशुभ्र करायची, चेहऱ्याचा भाग ब्रशनं काळा भरायचा, मग सगळं उलटं करून मास्क म्हणून वापरायचं. इतकं करूनही गडद रंगाच्या नावावर केसांभोवती भिंतीची पांढरी कड उरायची, आणि ती मारण्यासाठी मास्क एकदोन पिक्सेल आत ओढावा लागे. अक्षर आणि केस जिथे भेटतात तिथेच नजर खिळलेली असल्यामुळे कोणतं अक्षर किती झाकलं जातंय, हे सुटत नसे.

हे नुसतं कष्टांचं कौतुक आहे, केस तर आता यंत्र जास्त नेटके कापतं, असं कोणी म्हणेल. कापतं, हे मान्य. पण कडा कुठे आहे हे त्याला कळतं, नाव कुठे अडतं हे नाही. रोमन अक्षरांची ओळख बरीचशी वरच्या अर्ध्यात असते, म्हणून खालून आलेलं डोकं त्यांना फारसं नडत नाही. देवनागरीत वरची शिरोरेषा बहुतेक अक्षरांना सारखीच. ‘प’ आणि ‘ष’, ‘व’ आणि ‘ब’ यांतला फरक पोटातल्या तिरप्या रेघेचा; डोकं तिथवर चढलं की तो गेला. या अक्षरांच्या तळाशी उभ्या दांड्याचं टोक उरतं, तेवढंच झाकावं. आणि उकार असेल तर तेही नाही. मास्क रंगवण्याआधी फोटो थोडा खाली सरकवला, तरी एवढं साधतं.

नाव ओळखीचं असलं की अर्धं झाकलं तरी वाचक ओळखतोच, हा युक्तिवाद वर्षभर दिसत राहणाऱ्या ‘टाइम’ला लागू पडतो. वर्षातून एकदा येणाऱ्या दिवाळी अंकाला तो लागू पडत नाही. स्टॉलवर एकावर एक रचलेल्या अंकांत त्याची वरची पट्टी तेवढी दिसते, आणि त्या पट्टीत आता शिरोरेषा आणि केस दिसतात.