सेकंदाला किती वेळा पाहायचं?

तळहातावर काठी उभी तोलण्याचा खेळ लहानपणी बहुतेकांनी खेळलेला असतो. लांब काठी थोड्या सरावाने तोलता येते. तेच पेन्सिलीचं करून पाहा, जमत नाही. लांब काठी सावकाश कलते, म्हणून हात हलवायला सवड मिळते. पेन्सिल मात्र कलतेय हे कळेपर्यंत आडवी झालेली असते. आता तोलताना मधूनमधून डोळे मिटा. किती वेळ मिटलेले चालतील, हे डोळ्यांवर नाही, हातातल्या वस्तूला किती चपळाईने सावरावं लागतं त्यावर ठरतं.

मायक्रोकंट्रोलर जेव्हा मोटर सांभाळतो, तेव्हा तोही असाच उघडमीट करत असतो. ठरावीक अंतराने तो सेन्सरकडे पाहतो, हिशेब करतो, मोटरला हुकूम देतो, आणि पुढच्या वेळी पाहीपर्यंत तोच हुकूम तसाच धरून ठेवतो. सेकंदाला किती वेळा पाहायचं, म्हणजेच सॅम्पलिंग रेट.

एक साधं उदाहरण घेऊ. टेबलावर छोटी डीसी मोटर आहे, तिच्या आसावर ॲल्युमिनियमची पट्टी, आणि मागे एका फेऱ्यात २००० खुणा मोजणारा एन्कोडर. चालवायला १६ मेगाहर्ट्झचा अर्डुइनो उनो. सांगितलेल्या कोनावर पट्टीने जायचं आणि तिथेच थांबायचं. कंट्रोलर जोडल्यावर या सगळ्या जोडणीची बँडविड्थ १० हर्ट्झ हवी आहे. म्हणजे हुकूम सेकंदाला दहा वेळा इकडून तिकडे झुलला, तरी पट्टी त्याच्या मागे बऱ्यापैकी जाईल. त्याहून वेगाने झुलला तर मागे पडेल. एकदम नवा कोन सांगितला, तर तिथवर चढायला तिला साधारण ३५ मिलिसेकंद लागतील.

मग पाहायचं किती वेळा? नायक्विस्टचं नाव ऐकलेला विद्यार्थी पटकन म्हणतो, दुप्पट, म्हणजे २० हर्ट्झ. इथेच गफलत होते. दुपटीचा नियम सांगतो की नोंदलेल्या नमुन्यांवरून मूळ लहर परत उभी करता येते. पण ती उभी करताना मागचेपुढचे सगळे नमुने हाताशी असतात आणि घाई नसते. आपल्या मोटरला पुढचा नमुना येईपर्यंत थांबता येत नाही, निर्णय आत्ताच हवा असतो.

उशिराची किंमत मोजता येते. १० हर्ट्झचा एक झोका १०० मिलिसेकंदांचा. पूर्ण झोका ३६० अंशांचा धरला, तर एका मिलिसेकंदाचा उशीर ३.६ अंशांचा. हुकूम धरून ठेवल्यामुळे तो सरासरीने अर्ध्या नमुन्याइतका शिळा असतो. दुरुस्ती १८० अंश उशिरा पोहोचली, तर आवरण्याऐवजी ती ढकलू लागते. झोपाळ्याला चुकीच्या क्षणी हात लावल्यासारखं. त्या टोकापर्यंत किती अंश शिल्लक आहेत, त्याला फेज मार्जिन म्हणतात. आपल्याकडे ६० अंश आहेत असं धरू. ते मोजतात ती वारंवारता बँडविड्थपेक्षा जरा खाली असते, म्हणून १० हर्ट्झवर केलेला हिशेब थोडा सुरक्षित बाजूला झुकतो.

आता २० हर्ट्झने पाहिलं तर हुकूम सरासरी २५ मिलिसेकंद शिळा, म्हणजे ९० अंश गेले. लूप उभाच राहणार नाही. ६० हर्ट्झला ३० अंश जातात. पट्टी थांबते, पण आधी बरंच पुढे जाऊन मागे येत, डुलत. २०० हर्ट्झला फक्त ९ अंश. सोपा हिशेब असा: १८० ला पटीने भागा. वीस पटीला ९, तीस पटीला ६, शंभर पटीला १.८. पाठ्यपुस्तकांत वीस ते तीस पट सांगतात ते यामुळेच. तिथून पुढे रेट कितीही वाढवला, तरी वाचवण्यासारखे अंश फारसे उरलेले नसतात.

एक सापळा मात्र इथेच आहे. हिशेब झाल्यावर हुकूम लगेच न देता पुढच्या ठोक्याला द्यायचा, अशी मांडणी अनेक प्रोग्रॅममध्ये असते. २०० हर्ट्झवर त्याने आणखी ५ मिलिसेकंद, म्हणजे १८ अंश जातात, एकूण २७. मला रेट वाढवण्याआधी ही मांडणी बदलणं जास्त शहाणपणाचं वाटतं: नमुना घ्या, लगेच हुकूम द्या, आणि पुढच्या वेळची तयारी त्यानंतर करा.

मग सरळ १०,००० हर्ट्झने का पाहू नये? कारण मोटरचा वेग आपण दोन नमुन्यांतल्या खुणांच्या फरकावरून काढतो. दर १०० मायक्रोसेकंदांनी पाहिलं, तर फरक शून्य येतो किंवा एक, मधलं काही नाही. आणि एक खूण म्हणजे सेकंदाला १०,००० खुणा, मिनिटाला ३०० फेरे! हळू फिरणाऱ्या पट्टीचा वेग शून्यावरून ३०० वर आणि परत शून्यावर उड्या मारताना दिसतो. कंट्रोलर प्रत्येक उडीला खरं मानून मोटरला झटका देतो. मोटर करकरते, तापते, आणि पट्टी तर जागच्या जागी असते. २०० हर्ट्झला हीच एक खूण मिनिटाला ६ फेऱ्यांइतकी असते. गाळणी लावून उड्या सपाट करता येतात, पण गाळणी स्वतःचा उशीर आणते आणि वेगाने पाहून कमावलेले अंश त्यात परत जातात.

पूर्णांकांच्या हिशेबात दुसरी अडचण येते. साठलेली चूक भरून काढणारा इंटिग्रल भाग दर वेळी चूक, गुणक आणि नमुन्यांमधलं अंतर यांचा गुणाकार जमा करतो. गुणक २० धरा. १०,००० हर्ट्झवर एका खुणेच्या चुकीला ०.००२ जमा व्हायला हवेत. अपूर्णांक टाकून दिला, तर चूक ५०० खुणांची, म्हणजे पाव फेऱ्याची होईपर्यंत काहीच जमा होत नाही. पट्टी चुकीच्या कोनावर निवांत थांबते आणि आपण गुणक वाढवत बसतो. जमा ३२ बिटांत, अपूर्णांकासह ठेवली की हे थांबतं. शिवाय १०० मायक्रोसेकंदांत प्रोसेसरचे १६०० ठोके बसतात. उनोमध्ये दशांशाचा एकेक गुणाकार सॉफ्टवेअरने करावा लागतो आणि तो शंभरेक ठोके खातो. त्यात एन्कोडरची प्रत्येक खूणही त्याला मध्येच थांबवते. हिशेब वेळेत उरकतो का, हे पाहायला सुरुवातीला एक पिन चालू करा, शेवटी बंद करा आणि ऑसिलोस्कोपवर पाहा. पट्टे एकमेकांना चिकटू लागले किंवा त्यांच्यातलं अंतर कमीजास्त होऊ लागलं, तर वेळ पुरत नाही.

सावकाश पाहण्यातला धोका वेगळा आहे, आणि तो सगळ्यांत फसवा. उनोच्या बऱ्याच पिनांवरचं पीडब्ल्यूएम सुमारे ४९० हर्ट्झचं असतं. मोटरचा करंट ५०० हर्ट्झने मोजला, तर त्यातला हा लहरींचा भाग १० हर्ट्झची संथ लाट होऊन समोर येतो, अगदी आपल्या बँडविड्थवर. एकदा अशी लाट आत शिरली की प्रोग्रॅमला खरं-खोटं ओळखता येत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: सॅम्पलिंग रेट जरासा बदला. लाटेचा वेग बदलला तर ती बनावट. तसाच राहिला तर पट्टी खरोखर डुलतेय. बनावट लाट सॅम्पलिंगच्या आधीच, सर्किटमधल्या गाळणीने अडवावी लागते. तिथे वेगाने पाहण्याचा खरा फायदा आहे. ५० हर्ट्झची साधी गाळणी १० हर्ट्झवर ११ अंश खाते, २५० हर्ट्झची फक्त दोनेक.

म्हणून करंटसारखं अॅनालॉग मापन वेगाने घेऊन सरासरी काढावी, आणि कोनाचा लूप सावकाश चालवावा. या पट्टीसाठी मी २५० हर्ट्झ निवडेन. धरून ठेवण्यात ७ अंश जातात, हिशेबाला अर्धा मिलिसेकंद लागला तर आणखी २ अंश, आणि एक खूण मिनिटाला साडेसात फेऱ्यांइतकी. उद्या त्याच पट्टीकडून ४० हर्ट्झची चपळाई हवी झाली, तर रेट १००० हर्ट्झवर न्यावा लागेल आणि एक खूण ३० फेऱ्यांची होईल. तेव्हा प्रोग्रॅमपेक्षा आधी जास्त खुणांचा एन्कोडर विकत घ्यावा लागेल.