%E0%A4%AA म्हणजे ‘प’

मराठी विकिपीडियावरचं पुणे शहराचं पान उघडलं, की वर पत्त्याच्या पट्टीत ‘पुणे’ असं स्वच्छ देवनागरीत दिसतं. तोच पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, की बहुतेक वेळा हे उमटतं:

```
https://mr.wikipedia.org/wiki/%E0%A4%AA%E0%A5%81%E0%A4%A3%E0%A5%87
```

पुष्कळ जण अशा लिंकला हात लावत नाहीत; व्हायरस असेल अशी शंका येते. मराठी मजकुरातल्या लिंका तपासण्याचं काम मी करते, त्यामुळे असे पत्ते रोज डोळ्यांखालून जातात. थोडी सवय झाली, की ते चक्क वाचता येतात.

वेब पत्त्यात थेट लिहिता येणारी चिन्हं मोजकीच आहेत: रोमन अक्षरं, इंग्रजी अंक आणि काही विरामचिन्हं. बाकी कुठलंही चिन्ह आधी बाइटमध्ये मोडायचं आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेमागे दोन अंकांत लिहायचा, असा नियम आहे. हे अंक सोळाच्या पायावरचे असल्याने त्यांत A ते F ही अक्षरंही येतात. अक्षराचे बाइट कसे करायचे हे यूटीएफ-८ ठरवते. ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992 मध्ये आखली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. एका बाइटची तीन चिन्हं होतात, म्हणून आपल्या प्रत्येक चिन्हाला पत्त्यात नऊ जागा लागतात. वरचा पत्ता नऊ-नऊचे तुकडे करून पाहा:

```
%E0%A4%AA   प
%E0%A5%81   ु
%E0%A4%A3   ण
%E0%A5%87   े
```

डोळ्यांना दोनच अक्षरं दिसतात, पण यंत्राकडे उकार आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. म्हणून चार चिन्हं आणि छत्तीस जागा. आणखी एक गोष्ट लक्षात येईल: प्रत्येक तुकडा E0 ने सुरू होतो आणि त्याच्यामागे A4 किंवा A5 येतं. स्वर, व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी A4 मध्ये; दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, पाय मोडण्याची खूण आणि मराठी अंक A5 मध्ये. E0 आणि A4-A5 अशी रांग लागली, की पत्त्यात देवनागरी आहे हे न उलगडताही कळतं. मराठी की हिंदी, ते मात्र उलगडल्यावरच.

बिघाडही इथेच दिसतात. लांबलचक पत्ता एखाद्या प्रणालीने ठरावीक लांबीवर कापला, तर शेवटी `%E0%A4` एवढंच उरतं. तिसरा बाइट नसल्याने अक्षर पुरं होत नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये `decodeURIComponent` ला असा तुकडा दिला, तर ते `URIError` देतं. शेपटाचे तुकडे मोजले, की कुठे कापलं गेलं ते सापडतं. दुसरा बिघाड म्हणजे एकदा रूपांतर झालेला पत्ता कुणीतरी पुन्हा रूपांतरित करतं. टक्क्याच्या खुणेचंच `%25` होतं आणि ‘प’ असा दिसतो:

```
%25E0%25A4%25AA
```

अशा वेळी एक थर काढायचा. पण `%25` दिसला की डोळे मिटून काढायचा नाही. शीर्षकात खरोखरच ‘१००%’ असेल, तर तो तिथे असायलाच हवा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मराठीच्या अर्ध्या ‘र’ला द्यावा लागतो. ‘दऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्डवर त्यासाठी नुक्ता असलेला ऱ येतो, काहींवर साधा र, पाय मोडल्याची खूण आणि तिच्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द सहसा सारखेच दिसतात. पत्त्यात मात्र पहिल्यात `%E0%A4%B1` असतं, तर दुसऱ्यात `%E0%A4%B0%E0%A5%8D%E2%80%8D`. संकेतस्थळाने दोन्ही रूपं एकच मानण्याची सोय केली नसेल, तर त्याच्या लेखी ही दोन वेगळी पानं आहेत. एक उघडतं, दुसऱ्यावर ‘पान सापडलं नाही’ येतं. लिहिणारा शब्द पुन्हा पुन्हा तपासतो आणि त्याला तो बरोबरच दिसतो, कारण शुद्धलेखनात चूक नाहीच. म्हणून ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘सुऱ्या’ असं काही शीर्षकात असलं आणि लिंक उघडत नसली, तर मी देवनागरी रूप बाजूला ठेवून कच्च्या पत्त्यात `%E2%80%8D` शोधते. सापडलं, तर नुक्त्याच्या ऱ ने शब्द पुन्हा टाइप करून पाहते. नाही सापडलं, तर उलट.