अडीच वर्षांत पैसे सुटले, तरी तोटा

लातूरकडच्या डाळ मिलवाल्याकडे नव्या गुंतवणुकीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पैसे किती वर्षांत सुटतील? याच प्रश्नाला वित्तशास्त्रात ‘परतफेड कालावधी’ म्हणतात. गुंतवलेली रक्कम भागिले दरवर्षी हाती येणारी रक्कम, एवढाच हिशेब. तो पाकिटाच्या पाठीवर होतो, म्हणून सगळ्यांना आवडतो. मोठ्या कंपन्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. ग्रॅहम आणि हार्वे या दोन प्राध्यापकांनी २००१मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिका-कॅनडातल्या निम्म्याहून अधिक वित्तप्रमुखांनी ही पद्धत आपण जवळपास नेहमी वापरतो, असं सांगितलं होतं.

आता उदाहरणापुरते आकडे घेऊ. मालकाकडे २० लाख रुपये आहेत आणि समोर दोन प्रस्ताव. पहिला, डाळीतले काळे-डागी दाणे कॅमेऱ्याने टिपून बाजूला उडवणारं जुनं सॉर्टेक्स मशीन. स्वच्छ डाळीला भाव चांगला मिळतो, त्यामुळे वर्षाला ८ लाख जादा सुटतील. पण मॉडेल जुनं, तीन वर्षांनी सुटे भाग मिळणार नाहीत आणि मोडीतही फारसं काही येणार नाही. दुसरा, मिलच्या पत्र्यावर ४० किलोवॉटचे सौर पॅनेल. धुणं-पुसणं, देखभाल वजा जाता वीजबिलात वर्षाला ४ लाख वाचतील, साधारण वीस वर्षं.

परतफेडीच्या हिशेबाने सॉर्टेक्सचे पैसे अडीच वर्षांत सुटतात, सौरचे पाच वर्षांत. निकाल सॉर्टेक्सच्या बाजूने. बहुतेक ठिकाणी बोलणं इथेच संपतं.

पण हे २० लाख फुकटचे नाहीत. ते १२ टक्क्यांनी कर्जाऊ आणले असतील, किंवा घरचे असले तरी दुसरीकडे तेवढं कमावू शकले असते. मग वर्षभराने येणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत जेमतेम ८९ रुपये. या दराने सॉर्टेक्सचे पहिल्या वर्षीचे ८ लाख आज ७ लाख १४ हजारांचे, दुसऱ्या वर्षीचे ६ लाख ३८ हजारांचे आणि तिसऱ्या वर्षीचे ५ लाख ६९ हजारांचे ठरतात. बेरीज १९ लाख २१ हजार. म्हणजे ‘अडीच वर्षांत पैसे वसूल’ करणारं मशीन प्रत्यक्षात ७९ हजारांच्या तोट्यात आहे. मुद्दल परत येतं, पण त्यावरचं व्याज पुरतं सुटत नाही.

सौरच्या वीस वर्षांच्या बचतीची अशीच आजची किंमत काढली तर ती सुमारे २९ लाख ८८ हजार भरते. मधे एकदा इन्व्हर्टर बदलावा लागणारच. त्यासाठी अकराव्या वर्षी २ लाख धरले तर आजच्या हिशेबात ते ५७ हजार होतात. तेही वजा केले तरी ९ लाखांवर शिल्लक राहते. या शिल्लकीला ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ म्हणतात.

परतफेडीच्या पद्धतीत दोन खोट आहेत. एक म्हणजे ती आजचा आणि तीन वर्षांनंतरचा रुपया एकाच भावाने मोजते. ही खोट अर्धवट दुरुस्त करता येते: रकमा आधी आजच्या किमतीत आणायच्या आणि मग वर्षं मोजायची. तसं केलं तर सौरचे पैसे पाचऐवजी आठ वर्षं उलटल्यावर सुटतात आणि सॉर्टेक्सचे सुटतच नाहीत. दुसरी खोट जास्त गंभीर आहे. पैसे सुटले त्या दिवसापुढे ही पद्धत बघतच नाही. सौरची पुढची पंधरा वर्षं तिच्या लेखी नसल्यासारखीच.

तरीही मिलवाल्याला अडाणी म्हणू नये. तूर खरेदीच्या हंगामात रोख लागते, तेव्हा पत्र्यावर अडकलेला पैसा कामाला येत नाही. वीजदर आणि नेट मीटरिंगचे नियम वीस वर्षं आजच्यासारखे राहतील, याची हमी कोण देणार? रोकड कधी मोकळी होईल, हे परतफेड कालावधी नीट सांगतो. दोन्हींतून नफा किती, हे मात्र त्याला विचारू नये.

वर्तमान मूल्याचं उत्तरही गृहीतकांवरच उभं असतं. दर १२ऐवजी ९ टक्के धरला तर सॉर्टेक्स २५ हजारांनी फायद्यात येतं. आणि मशीन चौथं वर्ष चाललं तर १२ टक्क्यांनीसुद्धा ४ लाख ३० हजार शिल्लक पडते. परतफेड कालावधी मात्र दोन्ही वेळा अडीच वर्षंच राहतो. मशीन तीन वर्षं चालो की दहा, त्याला फरक पडत नाही. म्हणून सौदा करताना किमतीत पाच-दहा हजारांची घासाघीस करण्यापेक्षा चौथ्या वर्षी कॅमेरा आणि हवेचे व्हॉल्व्ह मिळतील का, हे विकणाऱ्याकडून आधी लेखी घ्यावं.