दहा हजारांतले पाचशे

समजा, पुरणपोळीच्या एका व्हिडिओखाली यूट्यूब स्टुडिओ दाखवतंय: इम्प्रेशन्स 10,000, क्लिकचं प्रमाण 4 टक्के, व्ह्यूज 650, युनिक व्ह्यूअर्स 500. हिशेब जुळत नाही असं वाटतं, कारण दहा हजारांचे 4 टक्के म्हणजे 400. मग वरचे 250 आले कुठून?

थंबनेल किमान निम्मं, एका सेकंदापेक्षा अधिक काळ दिसलं, की एक इम्प्रेशन धरलं जातं. पण हे यूट्यूबच्या आतच मोजतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकवरून कुणी आलं तर व्ह्यू वाढतो, इम्प्रेशन नाही. वरचे 250 बहुधा अशाच वाटांनी आलेले. म्हणून व्ह्यूजना इम्प्रेशन्सनी भागून टक्केवारी काढू नये. ती फसवी येते.

माणसं मात्र 500च, तीही अंदाजाने. काहींनी पुरण शिजवताना व्हिडिओ पुन्हा लावला असणार. इन्स्टाग्रामवरचा रीच अशीच वेगवेगळी खाती मोजतो. पण तिथे मजकूर नुसता डोळ्यांसमोरून गेला तरी पुरतं. त्यामुळे इन्स्टाचा रीच आणि यूट्यूबचे युनिक व्ह्यूअर्स शेजारी ठेवून तुलना करणाऱ्या जाहिरातदाराला हा फरक आधीच सांगावा.