बूट, गेटर आणि जळवा

वॉटरप्रूफ बुटाच्या आत पाणी अडवणारा पातळ पडदा असतो. बाहेरच्या चामड्यावर किंवा कापडावर पाणी झटकणारा लेप असतो. आधी झिजतो तो लेप. बुटावर पाणी शिंपडावे. थेंब घरंगळले तर लेप शाबूत आहे. काळपट डाग पसरला तर तो गेला. मग बाहेरचा थर पाणी पितो, बूट जड होतो, घामाची वाफ कोंडते आणि बूट गळतो असे वाटते.

लेप देण्यापूर्वी लेस काढून बूट मऊ ब्रशने धुवावा, कारण चिखलावर लेप धरत नाही. पाण्यावर आधारलेले बहुतेक स्प्रे ओल्या बुटावरच मारायचे असतात, शिवणींवर जास्त. दोन-तीन मिनिटांनी उरलेले पुसून बूट सावलीत वाळवावा. शेकोटीजवळ ठेवल्यास तळव्याचा गोंद सुटतो. पडदाच फाटला असेल तर लेपाचा उपयोग नाही.

पावसाळ्यात आंबोलीसारख्या रानात पाणी बहुधा वरून शिरते: ओले गवत पोटरीला घासते आणि मोज्यातून पाणी खाली उतरते. त्यावर गुडघ्याखालपर्यंतचे, तळव्याखालून पट्टा असलेले गेटर पुरेसे. जळवा मात्र त्याच्या खालच्या फटीतून चढतात आणि विणलेल्या मोज्यातूनही चावतात. त्यांच्यासाठी घट्ट विणीच्या सुती कापडाचे लीच सॉक्स हवेत. ते साध्या मोज्यांवर, बुटाच्या आत घालून गुडघ्याखाली नाडीने बांधतात. रंग फिकट घ्यावा, चढणारी जळू लगेच दिसते.