बैठकीआधीचं एक पान

२० सप्टेंबर १९८० या शनिवारी शिकागोतल्या ट्रान्स युनियन कंपनीच्या संचालकांना तातडीने बोलावण्यात आलं. रेल्वेचे डबे भाड्याने देणारी ही मोठी कंपनी होती. अध्यक्ष जेरोम व्हॅन गॉर्कम यांनी वीसेक मिनिटं तोंडी माहिती दिली. उद्योगपती जे प्रित्झकर कंपनी विकत घ्यायला तयार आहेत आणि शेअरमागे ५५ डॉलर देत आहेत, असा प्रस्ताव होता. दोन तासांत विक्री मंजूर झाली. संचालकांपुढे लेखी टिपण नव्हतं आणि विक्रीचा करारही त्यांनी वाचलेला नव्हता. ५५ हा आकडा कंपनीचं मूल्य काढून आलेला नव्हता. खरेदीसाठी घेतलेलं कर्ज कंपनीच्याच उत्पन्नातून फिटेल का, या हिशेबातून तो निघाला होता. पण तसं कुणी विचारलंच नाही.

भाव बाजारापेक्षा चांगलाच वरचा होता आणि संचालकही जुनेजाणते होते. तरीही डेलावेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये त्यांना दोषी धरलं. निर्णय चुकीचा होता असं न्यायालयाने म्हटलं नाही. तो पुरेशी माहिती न घेता केला, हा ठपका होता. पुढे प्रकरण दोन कोटी पस्तीस लाख डॉलरवर मिटलं.

त्या दिवशी टेबलावर जे नव्हतं, त्याला आपल्याकडे कंपन्यांत बोर्ड नोट किंवा कव्हर नोट म्हणतात. जाडजूड कागदपत्रांच्या वर लावलेलं हे एक-दोन पानांचं टिपण असतं. कोणता निर्णय हवा आहे, पर्याय कोणते, व्यवस्थापनाची शिफारस काय आणि पैशांवर परिणाम काय, हे त्यात असतं. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार संचालक मंडळाच्या बैठकीची लेखी सूचना किमान सात दिवस आधी द्यावी लागते. कंपनी सचिवांच्या संस्थेने घालून दिलेल्या मानकानुसार विषयपत्रिका आणि तिच्यावरची टिपणंही सात दिवस आधी जायला हवीत. प्रस्तावाचा अर्थ, व्याप्ती आणि परिणाम कळतील एवढी माहिती टिपणात हवी, शिवाय एखाद्या संचालकाचा त्यात हितसंबंध असेल तर तोही नमूद हवा. ऐन वेळचा विषय घेता येतो, पण त्याला अध्यक्षांची परवानगी आणि हजर असलेल्या बहुसंख्य संचालकांची संमती लागते. 

नियम एवढंच सांगतो. नोट चांगली की वाईट, हे मात्र आकड्यांशी ती किती प्रामाणिक आहे यावर ठरतं. एक नमुना घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

एका खासगी दूध कंपनीला छतावर ५०० किलोवॉटचा सौर प्रकल्प बसवायचा आहे. खर्च सव्वादोन कोटी. त्यापैकी ७५ लाख स्वतःचे आणि दीड कोटी पाच वर्षांच्या मुदतीचं बँकेचं कर्ज, व्याज दहा टक्के. वर्षाला सात लाख युनिट वीज मिळेल. सध्या युनिटला साडेआठ रुपये पडतात. देखभालीचे साडेतीन लाख वजा केले, तर वर्षाला ५६ लाख वाचतील.

अजेंड्यावर 'सौर प्रकल्पाबाबत चर्चा करणे' एवढंच लिहून आलं, तर संचालकांनी ती नोट परत पाठवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे खरं तर तीन मंजुऱ्या हव्या आहेत. सव्वादोन कोटींपर्यंत खर्चाची, दीड कोटी कर्जाची आणि करारावर सही करण्याचा अधिकार कार्यकारी संचालकांना देण्याची. कर्ज काढण्याचा अधिकार मंडळाने बैठकीत ठराव करूनच वापरायचा असतो किंवा कुणाला सोपवायचा असतो. म्हणून या तिन्ही मंजुऱ्या पहिल्याच परिच्छेदात, ठरावात जशाच्या तशा उचलता येतील अशा शब्दांत हव्यात.

पर्यायांच्या जागी फसवणूक सर्वांत सहज होते. एक आवडता पर्याय आणि शेजारी दोन पाडण्यासाठीच उभे केलेले, अशी रचना सर्रास दिसते. ती ओळखायची सोपी खूण आहे: नाकारलेल्या पर्यायांचा हिशेब दोन ओळींत उरकलेला असतो. आपल्या दूध कंपनीपुढचा खरा दुसरा पर्याय म्हणजे प्रकल्प दुसऱ्याने बसवायचा आणि त्याच्याकडून पंधरा वर्षं पाच रुपये युनिटने वीज घ्यायची. भांडवल शून्य, बचत वर्षाला साडेचोवीस लाख. काहीच न करणं हा तिसरा पर्याय, आणि त्यालाही किंमत आहे: त्याच सात लाख युनिटांचं साठ लाखांच्या घरातलं बिल दरवर्षी चालूच राहतं.

नेहमीची नोट इथे 'चार वर्षांत पैसे वसूल' असं लिहून मोकळी होते. हिशेब बरोबर आहे, पण मंडळाला लागणारी गोष्ट त्यात नाही. पहिल्या वर्षी मुद्दल आणि व्याज मिळून ४४ लाखांच्या आसपास बँकेला जातील, म्हणजे ५६ लाखांतले हातात राहतील बारा. सरकारी आयोगाने दिवसाच्या विजेचा दर कमी केला आणि तो सात रुपयांवर आला, तर बचत साडेपंचेचाळीस लाखांवर येईल, हातात दीड लाखच राहतील. सहा रुपये ऐंशी पैशांच्या खाली तर हप्ता खिशातून भरावा लागेल. बाहेरच्याकडून वीज घेतली, तर सात रुपये दरातही चौदा लाख वाचतात. पंधरा वर्षांचा विचार केला, तर स्वतःचा प्रकल्पच सरस ठरतो. आजच्या दराने कर्ज आणि व्याज फेडून पावणेसहा कोटी शिल्लक राहतात, दुसऱ्या पर्यायात साडेतीन कोटींहून थोडे जास्त. म्हणजे प्रश्न प्रकल्प परवडतो का हा नाही. पहिली पाच वर्षं पैशाची ओढाताण सोसते का, हा आहे.

आणि ७५ लाख कधी द्यायचे? हिवाळ्याच्या पुष्टकाळात दुधाची आवक वाढते, शेतकऱ्यांची दहा-दहा दिवसांची बिलं फुगतात, पावडर आणि लोण्याच्या साठ्यात पैसा अडकतो. त्याच वेळी कॅश क्रेडिटमधून एवढी रक्कम काढली, तर दूधउत्पादकाचं बिल थकेल. ही ओळ जोडपत्रातल्या तक्त्यात कधीच सापडत नाही. लेखापालाला ती ठाऊक असते, प्रकल्पाच्या अभियंत्याला नसते. म्हणून नोटेतला आर्थिक भाग लेखा विभागाने लिहावा आणि खाली त्यांचीच सही असावी.

मग शिफारस अशी होईल: प्रकल्प स्वतःचा करावा, स्वतःच्या हिश्शाची रक्कम एप्रिलनंतर द्यावी, आणि करारापूर्वी दिवसाचा दर सात रुपयांखाली गेला तर विषय पुन्हा मंडळापुढे आणावा. या शेवटच्या अटीमुळे मंजुरीला मर्यादा येते. ती नसेल तर दर बदलल्यावरही जुन्या ठरावावर सही होऊ शकते, आणि मंडळाने कुठल्या आकड्यांवर होकार दिला होता हे वर्षभराने इतिवृत्तातून कळत नाही. प्रकल्प बसवणारी कंपनी एखाद्या संचालकाच्या नातेवाइकाची असेल, तर तेही इथेच, शिफारशीच्या शेजारी यावं. जोडपत्र सात, पान एकोणचाळीसवर नव्हे.