मास्टरांचा हिशोब

आमच्या अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं. बाजारात सगळे त्यांना मास्टर म्हणत. त्यांच्या इन्तकालला आता वर्ष होईल. माणूस गेल्यावर त्याच्या भलाईच्याच गोष्टी कराव्यात, अशी आपली शिकवण आहे. ती मोडायची नाही, पण खोटंही लिहायचं नाही, म्हणून हा मजकूर लिहायला इतके दिवस लागले.

अब्बांचं कापणं बघत राहावं असं होतं. खडूच्या चार रेघा, कात्रीचा एक लांब आवाज, की कापड अंगाचा आकार घ्यायचं. पण दिलेल्या तारखेला कपडा मिळाला, असं सांगणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. ईदच्या चाँदरातीला दुकानासमोर जत्रा जमायची. फजरच्या अजानपर्यंत मशीन चालायची आणि शेवटी आम्हा भावंडांचेच कपडे राहून जायचे. एका ईदला आम्ही एका बाहीचा कुर्ता घालून नमाजला गेलो होतो. दुसरी बाही जोहरनंतर लागली.

मोहल्ल्यात कुणाची मय्यत झाली की कफन अब्बाच कापत. पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच. त्याची मजुरी त्यांनी कधी घेतली नाही. म्हणायचे, “हाच एक कपडा वेळेवर द्यावा लागतो.” त्यांच्या स्वतःच्या कफनाचं कापड कपाटावर तयार होतं. ते आपाने कापलं, त्यांच्याच कात्रीने.

जनाजाच्या नमाजआधी इमामसाहेबांनी आम्हाला पुढे बोलावलं. आपल्याकडे त्या वेळी मुलगा दोन शब्द बोलतो. ते भाषण नसतं, हिशोब असतो. नबी (स.) मय्यतीवर कर्ज आहे का, असं विचारत. एकदा कर्ज निघालं, तेव्हा हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते आपल्यावर घेतलं आणि मगच आपण नमाज पढवली. म्हणून वारसांत वाटणी होण्याआधी कर्ज फेडलं जातं. आम्ही म्हणालो, “अब्बांकडे कुणाचं काही येणं असेल, तर ते आमच्याकडून घ्या. त्यांच्या हातून कुणाचं मन दुखावलं असेल, तर अल्लाहसाठी माफ करा.”

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग कडेला उभ्या असलेल्या एका शेतकरी काकांनी हात वर केला. “गुरुजी, पैशाचं काय न्हाई. पण माझं प्यांटीचं कापड मास्टरांकडं हाय. आठ वर्षं झाली. दर बाजाराला ‘पुढच्या बाजारी’ म्हणायचे.” मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. आम्हीही हसलो आणि तिथेच रडू फुटलं. तोवर डोळे कोरडे होते.

त्या रात्री आपा घरात कुराण पढत बसली होती. आम्ही मैदानात विचारलेला प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, आणि सगळ्यात मोठं येणं तर तिचंच होतं.

१९८८ साली आपा सातवी पास झाली. वर्गात पहिली आली होती. जूनमध्ये तिची शाळा सुटली, कारण दुकानात काज करायला हात कमी होते. एका फुल शर्टाला आठ-नऊ काज असतात. कापडाला चीर द्यायची, कडेने दोरा धरायचा आणि प्रत्येक टाक्याला गाठ मारत फिरायचं. कंदिलाच्या उजेडात तिने किती काज केले, ते कुणी मोजले नाहीत. त्या मजुरीवर आम्ही बी.एड. झालो. आज आम्ही वर्गातल्या मुलींना ‘शाळा सोडू नका’ असं सांगतो, तेव्हा जीभ अडखळते. अब्बांना आम्ही याबद्दल एकदाच विचारलं होतं. ते मशीन चालवत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “त्या वेळी मला तेवढंच सुचलं.” पुढे ते आणखी काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

चाळिसाव्यानंतर दुकान आवरताना काकांचं कापड सापडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं, वर माप लिहिलेली चिठ्ठी टाचलेली. कापड कापलेलं होतं. म्हणजे मास्टर खोटं बोलत नव्हते, अर्धं काम खरंच झालं होतं. आपाने ती पॅन्ट शिवायला घेतली. काकांची कंबर आठ वर्षांत वाढलेली, म्हणून तिने शिलाई सोडून दोन इंच सैल केली.

कमरेचं काज हातानेच करत होती, तेव्हा आम्ही विचारलं, “आपा, अब्बांकडे तुझं येणं आहे. ते आम्ही कसं फेडायचं?”

तिने दोरा दाताने तोडला. “अब्बांसाठी दुआ रोज करते,” ती म्हणाली. “माफीचं मात्र अजून विचारू नकोस.”

पॅन्ट आम्ही पुढच्या बाजाराला पोहोचवली. काका मजुरी देत होते, ती घेतली नाही. आपाला ते पटलं नाही. म्हणाली, “काम मी केलं होतं. मला विचारायचं होतंस.”

आम्ही अगदी अब्बांसारखेच गप्प बसलो.